‘स्वस्त’ म्हणायचं नाही

“सर, गाडीच्या मागच्या काचेवर टाकायला एक ओळ पायजे. आपली गाडी स्वस्त आहे हे वाचणाऱ्याला कळलं पायजे, पण स्वस्त वाटली नाही पायजे.”

जाहिरातींच्या ओळी लिहून पोट भरायला लागल्यापासून ही मागणी मी बऱ्याच रूपांत ऐकली आहे. मूळ वाण एकच, वधू-वर सूचक मंडळाच्या जाहिरातीतलं : मुलगी साधी हवी, पण चारचौघींत उठून दिसणारी. समोर बसलेले मालक लातूरचे. दोन गाड्या. रात्री एक पुण्याहून लातूरला निघते, त्याच रात्री दुसरी लातूरहून पुण्याला. अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. गाडी साधी, बिनएसीची, टू बाय टू, चाळीस सीट. त्या वाटेवर एसी स्लीपरवाले सातशे-आठशे घेतात, मालक चारशे घेतात. तरी चाळीसातल्या सव्वीस सीटच भरतात, हे त्यांचं दुखणं.

ओळ त्यांनी स्वतःच लिहून आणली होती. माझ्याकडे फक्त शिक्का मारून घ्यायला आले होते. “सर्वात स्वस्त! लातूर फक्त ४००!!” रेडियमवाल्याने दर अक्षरावर लावला होता, उद्गारचिन्हं फुकट दिली होती. म्हणून ती तीन होती.

“मालक,” मी म्हटलं, “हडपसरच्या गाडीतळाला रात्री अकरा वाजता एक मावशी उभ्या आहेत. हातात नायलॉनची पिशवी, पिशवीत लेकीने दिलेला डबा. त्यांच्यासमोर तुमची गाडी येऊन थांबली. मागच्या काचेवर लिहिलंय, सर्वात स्वस्त. मावशींच्या मनात काय येईल?”

“बसाव म्हणतील.”

“नाही. त्या म्हणतील, आपला जीव काही एवढा स्वस्त नाही.”

मालक गप्प झाले. बसच्या धंद्यात ‘स्वस्त’ या शब्दाची हीच अडचण आहे. तूरडाळ स्वस्त मिळाली तर माणूस शेजाऱ्यालाही सांगतो. बनियन स्वस्त मिळालं तर दोन जास्त घेतो. पण बस स्वस्त म्हटली की ऐकणारा लगेच वजाबाकी करायला बसतो : बाकीचे आठशे घेतात, हा चारशे घेतो, मग चारशेचं काय काढून टाकलं असेल? आणि रात्रीच्या अंधारात माणसाला पहिल्यांदा आठवतो तो ब्रेक.

मोठ्यामोठ्यांना हा शब्द चावलेला आहे. २००८ साली टाटांनी नॅनो दाखवली, तेव्हा एक लाखाची गाडी म्हणून जगभर कौतुक झालं. पण ‘सगळ्यात स्वस्त गाडी’ हे बिरुद तिला जे चिकटलं ते निघेना. दारात उभी केली की शेजाऱ्याला किंमत तोंडपाठ! ‘स्वस्त’ हा शिक्का बसला ही चूक झाली, असं पुढे स्वतः रतन टाटाही बोलून गेले. रेल्वेने २००६ साली कमी भाड्याची पूर्ण एसी गाडी काढली आणि तिचं नाव ठेवलं गरीब रथ. आत थंडगार हवा, पण पाहुण्यांनी “कशाने आलात?” विचारलं की उत्तर द्यायला जीभ अडखळते. गाडी चांगली असून भागत नाही. तिचं नाव घेताना माणसाला आपला खिसा उलटा करून दाखवावा लागू नये.

“मग दुसरा शब्द घ्या की,” मालक म्हणाले. “मराठीत काय शब्दाला तोटा आहे का?”

तोटा नाही, पण प्रत्येक शब्द आधीच कुठे ना कुठे नोकरीला आहे. ‘माफक दरात’ हा खाणावळीत आणि शिकवणी वर्गात कामाला आहे. बसवर लिहिला की पोळीभाजीचा वास येतो. ‘रास्त’ म्हटलं की रांग आली, रेशनकार्ड आलं आणि रॉकेलचा डबा आला. ‘अल्प दरात’ मोतीबिंदूच्या शिबिरात रुजू आहे. ‘किफायतशीर’ शेळीपालनाच्या पुस्तिकेत सुखाने नांदतो, आणि एजंटाला तो रात्री अकरा वाजता एका दमात ओरडता येत नाही. ‘वाजवी’ त्यातल्या त्यात बरा, पण चालत्या गाडीवर लिहिला की लोक विचारणार, काय वाजवी, हॉर्न?

सगळ्यांत फसवा शब्द म्हणजे ‘परवडणारी’. दिसायला सोज्वळ, सरकारमान्य. पण नीट पाहा, हा शब्द बसबद्दल काही बोलतच नाही, बोलतो तो प्रवाशाबद्दल. तुझी ऐपत किती ते आम्ही ओळखून आहोत, असा त्याचा सूर. आपली ऐपत दुसऱ्याच्या काचेवर रेडियममध्ये चमकलेली कुणाला आवडेल?

मालकांनी मग यमकाची बाजू लावून धरली. “स्वस्त आणि मस्त!” मी त्यांना सांगितलं की घोषवाक्य लिहिणाऱ्याने यमक जुळवताना एक पथ्य पाळायचं असतं. आपल्याला एक यमक सुचलं, तर उरलेली प्रवाशांना सुचतात, आणि त्यांना सुचायला वेळही भरपूर असतो, कारण गाडी आलेली नसते. स्वस्तला मस्त जुळतं, तसं त्रस्तही जुळतं, सुस्तही जुळतं आणि अपघातग्रस्तही जुळतं. आपण कागदावर एक शब्द लिहायचा आणि पब्लिकने मागल्या काचेवरच्या धुळीत बोटाने दुसरा लिहायचा, असला हा भागीदारीचा धंदा.

धुळीत लिहिणाऱ्यांचं तोंड आधीच बंद करणारी एक ओळ मात्र आपल्याकडे होऊन गेली. ‘वाट पाहीन पण एसटीनेच जाईन.’ १ जून १९४८ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. नंतर कधीतरी ही ओळ महाराष्ट्राच्या तोंडात बसली ती कायमची. तिच्यात भाडं नाही, वेग नाही, आराम नाही. उलट पहिल्याच दोन शब्दांत कबुली आहे की वाट पाहावी लागेल! जे वैगुण्य प्रवासी सांगणार, ते ओळीने आधीच सांगून टाकलं आणि त्याची निष्ठा करून ठेवली. आता यावर कोण कसली मल्लिनाथी करणार? पण ही चाल मालकांना चालण्यासारखी नव्हती. लोक एसटीची वाट पाहतात, कारण ती येणार हे ठाऊक असतं. दोन गाड्यांच्या मालकाने ‘वाट पाहीन’ लिहिलं तर मावशी म्हणतील, पाहा, आम्ही निघालो.

भाव सांगूनही तोरा टिकवल्याचं उदाहरण पुण्यातच आहे. २०२१ साली पीएमपीने मध्यवस्तीत छोट्या एसी बस सोडल्या, दहा रुपयांत दिवसभर फिरा. योजनेचं नाव ‘पुण्यदशम’. दशम म्हणजे दहावा, म्हणजे भाड्याचा आकडा नावातच आला, पण तो पुण्याच्या आणि पुण्याईच्या आडोशाला. दहा रुपये वाचवणारा माणूस इथे कंजूष ठरत नाही, त्याच्या गाठी पुण्य जमा होतं. यातली मेख एवढीच की आकडा नावातच घातला की भाडं वाढवताना व्याकरणही सांभाळावं लागतं. बारा रुपये केले की ‘पुण्यद्वादश’ म्हणत कंडक्टरने फिरायचं काय?

तर शब्दांचा नाद सोडून मी आकड्याकडे वळलो. आकडा हा भाव सांगणारा सगळ्यांत सभ्य शब्द आहे. ‘४००’ म्हटलं की स्वस्त की महाग हे ज्याचं त्याने ठरवावं, आपण डोळा मारायचा नाही. म्हणून ‘फक्त’ आधी खोडला. ‘फक्त’ म्हणजे डोळा मारणंच. ‘३९९’ही नको, तो चपलांचा भाव आहे, आणि वरचा एक रुपया क्लीनर परत देत नाही हे साऱ्या मराठवाड्याला माहीत आहे. ‘४०० पासून’ तर मुळीच नको. ‘पासून’ हा शब्द आला की त्याच्या मागे एक चांदणी येते, चांदणीच्या मागे तळाला बारीक अक्षरांत अटी येतात, आणि चारशेची ती एकुलती एक सीट शेवटच्या रांगेत, मधली निघते. भाव खाली ठेवणाऱ्या गाडीने आकडा एकच सांगावा आणि सगळ्यांना तोच घ्यावा. विश्वास बसायला तिथून सुरुवात होते.

आता मावशींच्या वजाबाकीचं उत्तर द्यायचं होतं. चारशेचं काय कापलं? हे आपण सांगितलं नाही तर त्या मनानेच कापतात. म्हणून मी मालकांना सरळ विचारलं.

“एसी नाही. पांघरूण नाही, पाण्याची बाटली नाही, पिक्चर नाही. एजंट कमी ठेवलेत, कमिशन वाचतंय.”

“आणि टायर?”

“म्होरचे दोन्ही नवे. रिमोल्ड टायर म्होरं कधीच लावत नाही, सर. आन् ड्रायव्हर दोन. एक झोपतो, एक चालवतो.”

धंद्यातला माणूस दिलखुलास सांगायला लागला की ओळी आपोआप सुचतात. कापलं काय आणि कापलं नाही काय, या दोन याद्या ज्याला उभ्या करता येतात त्याची गाडी काटकसरी. एकच यादी उभी राहते आणि दुसरीबद्दल मालक खोकायला लागतो, त्याची गाडी हलकी. मी दाराशेजारी पाटीसाठी लिहून दिलं : “एसी नाही, पिक्चर नाही. ड्रायव्हर दोन, पुढचे टायर नवे.” मालकांना सुरुवातीचे दोन ‘नाही’ खुपले. नाही-नाही लिहून गिऱ्हाईक येतं का कुठं? पण ते ‘नाही’ लिहिल्याशिवाय पुढचं ‘आहे’ कुणाला खरं वाटत नाही. दुधात पाणी किती ते सांगणाऱ्या गवळ्याचं दूध लोक बिनघोर घेतात.

ही झाली दाराची पाटी. मागच्या काचेची ओळ अजून हवीच होती, आणि ती टेबलावर बसून सुचेना. तेव्हा एका रात्री मी मावशींच्या जागी गाडीतळाला जाऊन उभा राहिलो.

गाडी निगडीहून साडेनऊला निघते, संगमवाडीला थांबते, हडपसरहून अकराला सुटते, असं तिकिटावर छापलेलं. गाडी अकरा वाजून पाच मिनिटांनी आली. एवढा उशीर म्हणजे पुण्याच्या ट्रॅफिकने केलेला सन्मानच. आम्ही चढलो. इंजिन सुरू, दिवे सुरू, ड्रायव्हरने रुमाल गळ्याला गुंडाळलेला, उदबत्ती लावलेली, आणि गाडी जागच्या जागी थरथरत उभी. एजंट खाली उभा राहून फोनवर कुणाला तरी सांगत होता, “या या, निघालीच!” नेमक्या त्याच वेळी क्लीनर आत आम्हाला सांगत होता, “बसा बसा, निघालीच!” दोन सीट रिकाम्या होत्या आणि त्या सीटवाले मगरपट्ट्याजवळ ‘आलोच’ होते. अकरा दहाला एक आजोबा लघवीला उतरले. अकरा वीसला ते परत आले, मग त्यांना पाहून आणखी चौघे उतरले. अकरा पंचवीसला माझ्या शेजारच्या मुलाने खिडकीतून विचारलं, “भैया, कधी?” एजंटने न वळता पाच बोटं दाखवली. ही पाच मिनिटं महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या जशीच्या तशी चालत आली आहेत. अकरा चाळीसला ते दोघे आले. एकाच्या हातात वडापाव होता. गाडी हलली.

आठशे रुपयांच्या दोन रिकाम्या सीटसाठी अडतीस माणसं पस्तीस मिनिटं थांबली. तेव्हा उजेड पडला. खासगी गाडीबद्दलचा अविश्वास टायरमध्ये नसतो आणि चारशेच्या आकड्यातही नसतो, तो रिकाम्या सीटमध्ये असतो. सीट रिकामी राहिली की गाडी थांबते, आणि दिवाळीत सीट अपुऱ्या पडल्या की भाडं तिप्पट होतं. वेळही सीट ठरवते, भाडंही सीटच ठरवते. या दोन जागी मालकाने शब्द दिला, तर ‘भरवशाची’ हा शब्द लिहावाच लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी मालकांपुढे कागद ठेवला.

“भाडं ४००, दिवाळीतही.
सुटणार ११ला, सीट रिकामी असली तरी.”

मालकांनी दोनदा वाचलं. पहिल्या ओळीवर मान हलली, दुसऱ्या ओळीवर घाम आला. मला वाटलं होतं उलटं होईल.

“भाड्याचं बघू एक वेळ. पण वेळेचं लिवलं तर लोक घड्याळ बघतील की, सर!”

“बघू द्या. फक्त हडपसरचीच वेळ लिहा. निगडी-संगमवाडीला ट्रॅफिक आहे, ते तुमच्या हातात नाही. हडपसरहून निघणं तुमच्या हातात आहे. हातात असेल तेवढंच लिहायचं. आणि निगडीहून पंधरा मिनिटं आधी निघा, म्हणजे अकरा पाचचे अकराला दहा कमी होतील.”

मग आम्ही दिवाळीचा हिशेब मांडला, कारण घोषवाक्याचं बिल शेवटी मालकालाच भरायचं असतं. एका खेपेला डिझेल साडेसात हजारांचं. दोन ड्रायव्हर आणि क्लीनर मिळून दोन हजार. टोल, कर आणि किरकोळ धरून आणखी दोन. एकूण साडेअकरा हजार. म्हणजे चारशेच्या हिशेबाने एकोणतीस सीट भरल्या की खर्च निघतो. दिवाळीआधी पुण्याहून गाडी खच्चून भरते, चाळीस सीटचे सोळा हजार. पण उलट्या दिशेने त्या आठवड्यात पुण्याला येतं कोण? परतीला जेमतेम आठ जण, बत्तीसशे रुपये. दोन्ही मिळून एकोणीस हजार दोनशे, आणि दोन खेपांचा खर्च तेवीस हजार. प्रत्येक फेरीला अडतीसशेचा खड्डा. दिवाळी झाली की दिशा बदलते, खड्डा तोच.

दिवाळीत सगळेच भाडं वाढवतात ते निव्वळ लोभापायी नाही. रिकाम्या परतीचं भाडं जाणाऱ्याकडून वसूल होतं. मात्र त्या निमित्ताने किती वसूल करायचं याला धरबंध राहत नाही, म्हणून २०१८ साली सरकारला शासन निर्णय काढून सांगावं लागलं की खासगी गाड्यांचं भाडं एसटीच्या दीडपटीवर जाता कामा नये.

“मंजे चारशेच घेतले तर दिवाळीत तोटाच की,” मालक म्हणाले.

“दहा फेऱ्या धरा. अडतीस हजार. हा तोटा समजू नका, जाहिरातीचा खर्च समजा. चौकात फ्लेक्स लावलात तरी एवढे जातील, आणि फ्लेक्सवर कुणी विश्वास ठेवत नाही. दिवाळीत चारशेत लातूरला उतरलेला माणूस गावभर सांगत फिरेल. त्याच्या सांगण्याने एरवी खेपेला पाच सीट जरी वाढल्या, सव्वीसच्या एकतीस झाल्या, तरी खेपेमागे दोन हजार आले. एकोणीस खेपांत दिवाळी फिटली.”

“आन् डिझेल वाढलं तर?”

हा प्रश्न खरा होता. भाड्याची ओळ लिहिणाऱ्याने भाडं कायमचं आहे असं कधी समजू नये. ‘४००’ एवढंच वेगळ्या पट्टीवर चिकटवायचं ठरलं, म्हणजे उद्या ४५० करायचे झाले तर तेवढंच खरवडायचं. शब्द चारशेचा नाही, शब्द ‘दिवाळीतही’चा आहे. वाढवायचे तर आषाढात वाढवा, गिऱ्हाईक नसताना, राजरोस. लोक कुरकुरतील आणि बसतील. वसुबारसेला वाढवलेत तर तीच ओळ तुमच्या अंगावर येईल, आणि धुळीत लिहिणाऱ्यांना यमकाचीही गरज पडणार नाही.

मालकांनी ओळ घेतली. घेताना एकच बदल सुचवला, शेवटी एक उद्गारचिन्ह असावं, फुकट आहे म्हणून. मी नको म्हटलं. ओरडून सांगितलेली वेळ कुणाला खरी वाटत नाही. माझ्या बिलावर त्यांनी “सर, जरा माफक करा” म्हटलं, तेव्हा या शब्दाला आणखी एक नोकरी आहे हे माझ्या ध्यानात आलं.

गाडीवर रेडियम लागल्याच्या पहिल्या रात्री हडपसरला तीन सीट रिकाम्या होत्या. एजंटने सवयीने पाच बोटं वर केली. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या रिक्षावाल्याने काचेवरची ओळ मोठ्याने वाचून दाखवली, दोनदा. ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि अकरा वाजून दोन मिनिटांनी गिअर टाकला. घोषवाक्य प्रवाशाला ओढून आणण्यासाठी असतं असं मी इतकी वर्षं समजत होतो. ते मालकाला बांधून ठेवण्यासाठीही असतं, हे त्या रिक्षावाल्याने शिकवलं.

तेव्हा वाचकहो, रात्रीची स्वस्त गाडी निवडायची असेल तर काचेवरच्या विशेषणांना भुलू नका. चारशेची गाडी आषाढात कुणीही दाखवेल. भाडं धनत्रयोदशीला विचारा, आणि वेळ सीट रिकामी असताना.